शनिवारच्या जादा तासातून पोरीला सोडवताना: मागायचं किती, कुणाकडं आणि कागदावर काय

आमचं गाव तासगावच्या पुढं. धाकटी नववीत आहे, लांब उडी मारते, आणि तिचे कोच सांगलीत. सोमवार ते शुक्रवार ती गावातच करते, कोच व्हॉट्सअपवर पाठवतात तेवढं रनिंग आणि व्यायाम. पण लांब उडीत धावत येऊन फळीवर पाय बरोबर पडावा लागतो, ती फळी २० सेंटीमीटर रुंद, आणि धावत यायला निदान ४० मीटरची सरळ पट्टी लागते. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर पंचवीस पावलांवरच बाभळ आहे. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी सांगली, मधली रात्र माझ्या बहिणीकडं मुक्काम, असं दीड वर्ष चाललं होतं.

मग जुलैमध्ये शाळेनं नोटीस लावली. नववीचे जादा तास, दर शनिवारी सव्वा अकरा ते सव्वा एक, आधी गणित मग विज्ञान. शनिवारची शाळा सकाळची, अकराला सुटते, म्हणजे सुटल्या सुटल्या परत वर्गात. आमचे हे लगेच गेले शाळेत, "शनिवारी पोरीला सोडा, प्रॅक्टिस असते" एवढं बोलले आणि पाच मिनिटांत परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले नाही म्हणतात. नाहीच म्हणणार की, काय मागितलं ते त्यांनाही कळलं नसणार. नंतर तीन आठवडे घालवून आम्ही तेच काम नीट केलं आणि झालं. ते कसं केलं ते सगळं लिहिते, कारण आमच्या ग्राउंडवर आता दर आठवड्याला एखादी आई हेच विचारते.

आधी तो तास नेमका कसला आहे ते बघा

शनिवारचे सगळे तास सारखे नसतात. वर्गशिक्षकांना एकच साधा प्रश्न विचारायचा, "मॅडम, याची हजेरी कॅटलॉगला लागते का?" कॅटलॉगला लागत असेल तर तो शाळेच्या रोजच्या वेळापत्रकातला तास झाला, मग तुम्ही मागताय ती सूट नाही, ती रजा आहे. दर शनिवारी रजा घेतली तर वर्षाच्या हजेरीत ती दिसणार, आणि पुढं दहावीला बोर्ड ७५ टक्के हजेरी बघतं तेव्हा ही सवय अंगाशी येते. अशा तासाची कायमची सूट मागूच नका. ठराविक स्पर्धेच्या आधीचे दोन तीन शनिवार तेवढे मागा.

कॅटलॉगला लागत नसेल, नुसत्या वहीत नावं लिहून घेत असतील, तर तो खरा जादा तास. तो शाळा निकालासाठी घेते, त्यात सूट देणं मुख्याध्यापकांच्या हातात असतं आणि तिथं बोलायला जागा असते. तिसरा एक प्रकार असतो, मागं पडलेल्या मुलांना वेगळं बसवतात तो. तुमच्या मुलाचं नाव त्या यादीत असेल तर आधी ते का आहे ते बघा, कारण तिथं सूट मागायला गेलं की समोरचा माणूस पहिल्यांदा चाचणीचा पेपरच पुढं करतो.

आमचा दुसरा प्रकार निघाला. आणखी एक गोष्ट त्याच वेळी विचारून घ्या, त्या तासात नुसती उजळणी घेणार की नवीन शिकवणार की प्रॅक्टिकल घेणार. हे मी विचारलं नव्हतं, त्याचा त्रास पुढं झाला.

अडचण तासाची आहे की एसटीची?

हा सगळ्यात कामाचा भाग आहे असं माझं मत. आम्ही धरून चाललो होतो की तास आणि प्रॅक्टिस एकमेकांवर येतात. कागद घेऊन बसले तर तसं नव्हतंच. प्रॅक्टिस चारला. तास संपतो सव्वा एकला. मधे पावणेतीन तास आहेत. अडचण अशी की गावातनं तासगावला जायला साडेबाराची एसटी आहे आणि त्यानंतरची थेट तीनची. साडेबाराची धरली तर तासगावला बदलून सव्वादोनला सांगली, बहिणीकडं जेवून चारला ग्राउंडवर. तीनची धरली तर ती पोचेपर्यंत पाच वाजतात, आणि सहाला बॅच सुटते. गाडीवरनं ह्यांनी सोडावं म्हटलं तर ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत औषध मारणं सुरू असतं, त्या दिवसांत ह्यांना दुपारी हाक मारायची पण सोय नाही.

म्हणजे पहिला तास, गणिताचा, सव्वा बाराला संपतो, तो ती पूर्ण करून साडेबाराची गाडी गाठू शकते. आमच्या शाळेपासून स्टॉप पाच मिनिटांवर आहे. जातो तो फक्त विज्ञानाचा तास.

मग शनिवार मोजले. जुलैपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत १५ शनिवार, त्यातले तीन सणासुदीच्या सुट्टीत गेले, राहिले १२. घटक चाचणीच्या आधीचे दोन आणि सत्र परीक्षेच्या आधीचे दोन ती पूर्ण थांबेल असं आम्हीच ठरवलं, त्या आठवड्यात ती रविवारी पहाटेच्या गाडीनं जाईल. उरले ८. ह्यांनी जे मागितलं होतं ते होतं बारा शनिवारांचे मिळून २४ तास. आता आम्ही मागणार होतो ८ तास, तेही एकाच विषयाचे. चोवीस तासांना नाही म्हणणं सोपं असतं, आठ तासांना नाही म्हणताना माणूस जरा थांबतो.

तुमच्याकडं एसटी नसेल, दुसरं काही असेल. ग्राउंड लांब असेल, बॅच सकाळची असेल, पोहण्याच्या तलावावर मुलींची वेगळी वेळ असेल. पण वेळा कागदावर एकाखाली एक लिहून बघितल्याशिवाय शाळेत जाऊ नका, कारण पहिला प्रश्न हाच येतो की प्रॅक्टिस किती वाजता आणि आपण त... प... करत बसतो.

कोचचं पत्र

कोचनी पहिलं पत्र दिलं त्यात होतं, "सदर खेळाडू अत्यंत होतकरू व मेहनती असून तिला सहकार्य करावे." वाचायला छान, पण मुख्याध्यापकांना याचा काही उपयोग नाही, होतकरू तर वर्गातली चाळीस मुलं आहेत. मी सरांना परत सांगितलं, सर कौतुक नको, वेळ लिहा. दुसऱ्या पत्रात एवढंच होतं: ती कधीपासून येते, शनिवारी चार ते सहा आणि रविवारी साडेसहा ते साडेआठ, शनिवारी धावपट्टीवर पावलांचं मोजमाप आणि उड्या, रविवारी स्पीड, दोन्ही एकाच दिवशी घेतले तर नडगीवर ताण येतो म्हणून वेगळे ठेवलेत, यात बदल शक्य नाही कारण इतर दिवशी ती बाहेरगावी असते. खाली सही, फोन नंबर, क्लबचा शिक्का आणि एक ओळ, "सराव रद्द झाल्यास पालकांना आदल्या दिवशी कळवले जाईल." ही शेवटची ओळ मी मागून लिहून घेतली आणि पुढं तीच उपयोगी पडली.

नडगीचं उगीच लिहिलं नव्हतं. मागच्या वर्षी दोन महिने शनिवार बुडाले तेव्हा सर रविवारी सकाळी दोन्ही एकदम घ्यायचे, पोरगी सोमवारी जिना उतरताना कठडा धरायची. शाळेनं ते बघितलेलं होतं, पीटीच्या तासाला ती बसून असायची.

कलेचं असेल तर पत्रात काय लिहायचं ते थोडं बदलतं. माझ्या नणंदेचा मुलगा मिरजेला तबल्याला जातो, त्यांनी शाळेत "रियाज असतो" असं सांगितलं आणि सरांनी लगेच विचारलं की रियाज घरी कधीही करता येतो ना. बरोबरच आहे. रियाज म्हणू नका, गुरूंकडची तालीम म्हणा, आणि ती आठवड्यातनं एकदाच आणि त्याच वेळी मिळते हे गुरूंच्या सहीनं आणा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा देणार असेल तर कुठली, प्रवेशिका प्रथम की पूर्ण, आणि कुठल्या सत्रात, ते लिहा आणि फॉर्म भरल्याची पावती जोडा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचं वेगळं, त्याचे फॉर्म शाळेतनंच भरतात, तिथं ड्रॉइंगच्या सरांनाच आपल्या बाजूनं बोलायला सांगायचं.

कुणाला आधी भेटायचं

डायरेक्ट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जायचं नाही. तुम्ही बाहेर पडलात की ते ज्यांचा तास बुडणार त्या सरांनाच बोलावणार, आणि त्या सरांना हे पहिल्यांदा तिथं कळलं तर ते काय बोलणार ते ठरलेलं आहे. आम्ही आधी वर्गशिक्षिकांना सांगितलं, मग विज्ञानाच्या सरांना मधल्या सुट्टीत भेटले, मग क्रीडाशिक्षक, मग पर्यवेक्षक, आणि शेवटी मोठे सर. चार दिवस गेले, प्रत्येकाकडं दहा मिनिटं.

विज्ञानाचे सर पहिल्यांदा नाराजच होते. म्हणाले, "ताई, माझाच तास का? गणिताला बसते आणि माझ्या तासाला उठून जाते, पोरं काय म्हणतील?" मी एसटीचं टाइमटेबल दाखवलं. म्हणलं, "सर, साडेबाराची गाडी आहे, तुमचा तास आधी असता तर गणित बुडालं असतं." ते हसले. मग म्हणाले की भाग कोण भरून काढणार. मी म्हणलं तुम्ही सांगाल तसं. त्यांनीच सांगितलं, सोमवारी मैत्रिणीची वही घेऊन शनिवारचं सगळं उतरवायचं, मंगळवारी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं त्यांना दाखवायचं, दोन प्रश्न तोंडी विचारतील. ही अट आम्ही सुचवली असती तर तोंडदेखली वाटली असती, त्यांनी सुचवली म्हणून ती त्यांची झाली.

क्रीडाशिक्षकांचं काम वेगळं. पोरगी शालेय स्पर्धेत शाळेच्या नावानं उतरते, सतरा वर्षांखालच्या गटात, तालुका मग जिल्हा मग आपल्याकडं विभाग म्हणजे कोल्हापूर. प्रवेशिकेवर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असतो. हे सर बाजूला उभे राहिले की तुमचा अर्ज खाजगी हौसेचा राहत नाही. दहावीला खेळाचे ५ ते २५ सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्तावही शाळेमार्फतच जातो, तेही त्यांनाच बोलू दे. आपण तोंडानं गुणांचं काढू नये असं मला वाटतं, निदान नववीत तरी, कारण एक तर मान्यता नसलेल्या खाजगी स्पर्धांचे गुण धरत नाहीत आणि दुसरं म्हणजे समोरच्याला वाटतं ही बाई गुणांसाठीच आलीय.

मोठे सर काय म्हणाले

जे सगळीकडं म्हणतात तेच. "तुमच्या मुलीचं ठीक आहे हो, पण एकीला सोडलं की उद्या दहा जण येतील, कुणाचा डान्स, कुणाची कराटे, मग वर्गात बसायचं कुणी?"

यावर आमची वेगळी आहे, आमची हुशार आहे, असलं काही बोलू नका. त्यांची अडचण खरी आहे, त्यांना दहा जणांना नाही म्हणायला कारण हवंय. ते कारणच आपण द्यायचं. मी म्हणलं, "सर, जो येईल त्याला हेच कागद मागा. कोचचं वेळेसहित पत्र, विषयशिक्षकांची संमती, ठराविक तारखा, आणि चाचणीत गुण घसरले तर सूट बंद. हे सगळं आणून देणारे दहा निघाले तर मला सांगा." पर्यवेक्षक मॅडम म्हणाल्या दोन पण निघायचे नाहीत. तिथं गाडी वळली असं मला वाटतं.

गुण किती घसरले तर बंद हे पण आकड्यात ठरवून घ्या. आमचं असं ठरलं, मागच्या चाचणीत विज्ञानाला २० पैकी १४ होते, पुढच्या चाचणीत १२ च्या खाली आले तर त्या दिवसापासून सूट रद्द, वाद नाही. "गुण कमी झाले तर" असं मोघम ठेवलं तर एक गुण कमी आला तरी बोलणी बसतात.

अर्ज

तोंडी हो म्हणाले तरी अर्ज द्याच. सर बदलतात, पर्यवेक्षक बदलतात, शनिवारी गेटवर शिपाईमामा अडवतात. आमचा अर्ज साधारण असा होता, नावं काढून देते:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व गाव)

विषय: शनिवारच्या जादा तासांपैकी विज्ञानाच्या तासास ८ दिवस सूट मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी कु. ______, इयत्ता ९ वी, तुकडी ___, ही लांब उडीच्या नियमित प्रशिक्षणासाठी दर शनिवारी सांगली येथे जाते. प्रशिक्षणाची वेळ दुपारी ४ ते ६ असून त्यासाठी गावातून १२:३० ची एसटी घ्यावी लागते. ती शनिवारची नियमित शाळा व गणिताचा जादा तास पूर्ण करून १२:१५ वाजता निघेल. सोबतच्या यादीतील ८ तारखांना विज्ञानाच्या जादा तासास (१२:१५ ते १:१५) सूट मिळावी, ही विनंती. चाचणी व सत्र परीक्षेपूर्वीच्या ४ शनिवारी ती दोन्ही तासांना उपस्थित राहील.
बुडालेला भाग ती सोमवारी वहीत पूर्ण करून मंगळवारी विषयशिक्षकांना दाखवेल. प्रशिक्षण रद्द झाल्यास ती तासाला बसेल. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सूट घेणार नाही. पुढील घटक चाचणीत विज्ञानात १२ पेक्षा कमी गुण मिळाल्यास सूट रद्द करण्यास माझी हरकत नाही.
शाळेच्या गेटपासून पुढील प्रवासाची जबाबदारी माझी राहील.

सोबत: प्रशिक्षकांचे पत्र, तारखांची यादी.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, फोन नंबर, तारीख)

दोन प्रती काढायच्या. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर क्लार्ककडनं आवक नंबर, तारीख आणि सही घ्यायची, म्हणजे पोच. क्लार्क म्हणतील कशाला हवीय, हसत हसत घ्यायचीच. वर कोपऱ्यात विषयशिक्षकांनी "हरकत नाही" लिहून सही केली असेल तर मोठे सर खाली "मंजूर" लिहायला दोन मिनिटं लावतात. त्या मंजूर अर्जाचा झेरॉक्स पोरीच्या दप्तरात, एक वर्गशिक्षिकांकडं. "जबाबदारी माझी" ही ओळ विसरू नका, वर्गाच्या मधेच मुलगी गेटबाहेर जाते तेव्हा शाळेला सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच असते.

पुढं काय बिघडतं

आमचं दोनदा बिघडलं. तिसऱ्या शनिवारी विज्ञानाच्या सरांनी प्रॅक्टिकल लावलं, लॅब शनिवारीच मोकळी मिळते म्हणून. अर्जात प्रात्यक्षिकाच्या दिवशी सूट घेणार नाही असं आपणच लिहिलेलं, पण ते कधी आहे हे कळायला पाहिजे ना, पोरीला बाराला कळलं, ती रडकुंडीला येऊन थांबली, सांगली बुडाली, कोच वैतागले. मग सरांना विनंती केली की महिन्याचं प्रॅक्टिकल आधी सांगा, आणि ते शनिवार आम्ही यादीतनं काढून दुसरे घातले. दहावीला विज्ञानाचे २० गुण अंतर्गत असतात, ती सवय नववीतच लागते, त्यामुळं प्रॅक्टिकल सोडून प्रॅक्टिस नाही, ह्यात मी तरी घासाघीस करणार नाही.

दुसरं जास्त वाईट. सप्टेंबरमध्ये कोच स्पर्धेला बाहेर गेले, सराव रद्द, मला शुक्रवारी मेसेज आला आणि बागेच्या गडबडीत मी पोरीला सांगायलाच विसरले. तिला मैत्रिणीकडनं शनिवारी सकाळी कळलं. तिनं काय करावं, तासाला बसायचं सोडून सव्वा बाराला नेहमीसारखी बाहेर पडली आणि स्टॉपजवळच्या गाड्यावर वडापाव खात बसली. विज्ञानाचे सर तासाला वर्गावर येता येता खिडकीतनं बघत होते. सोमवारी मला फोन.

मी काही सारवासारव केली नाही. पत्रातली ती ओळ, आदल्या दिवशी कळवू म्हणून, तीच दाखवली आणि म्हणलं मेसेज आलेला, चूक माझी, आणि तिची पण. पुढचा एक शनिवार आम्हीच परत दिला, यादीतनं खोडला. तेव्हापासून मेसेज थेट वर्गशिक्षिकांनाही जातो, कोचनी एक छोटा ग्रुप केलाय, कोच, मॅडम आणि मी. तुम्ही हा ग्रुप पहिल्याच दिवशी करा.

बाकी लक्ष ठेवायची खूण म्हणजे ती मंगळवारची वही. वहीत सलग दोन आठवडे नुसत्या आकृत्या उतरलेल्या आणि खाली स्पष्टीकरण कोरं दिसलं की समजायचं कॉपी चाललीय, समजलेलं नाही. आमच्याकडं "प्रकाशाचे परावर्तन" असंच कोरं सापडलं, मग तिच्या मावशीच्या मुलाला शनिवारी रात्री अर्धा तास बसवलं.

नाहीच म्हणाले तर

लगेच शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार वगैरे नको, पोरगीला अजून दोन वर्षं त्याच शाळेत बसायचंय. कशामुळं नाही ते शांतपणे विचारा आणि चार शनिवारांचा प्रयोग मागा, चौथ्यानंतर वही आणि चाचणी बघून ठरवू म्हणून. माझ्या मैत्रिणीला साताऱ्यात असंच मिळालं, तिचा मुलगा धनुर्विद्येला जातो, शाळेनं आधी साफ नाही सांगितलं होतं. प्रयोगालाही नाही म्हणाले तर कोचकडं वेळ हलते का बघा, कधी कधी तिथं अर्धा तास सहज हलतो आणि आपण विचारलेलंच नसतं. आणि दहावीत जानेवारीनंतर मागायलाच जाऊ नका, पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल सगळं एकदम येतं, तेव्हा कुठलीच शाळा ऐकत नाही आणि ऐकूही नये.

आमच्या घटक चाचणीत १५ आले. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राचा अर्ज नव्यानं दिला, जुना आपोआप चालत नाही. यावेळी फक्त पाच शनिवार मागितले, कारण साडेबाराची एसटी आता पावणेएकला सुटते आणि विज्ञानाचे सर म्हणाले बारा पस्तीसपर्यंत बस, मग पळ.